दोन गटांच्या समाधानातला फरक: कॉन्फिडन्स इंटरव्हल दरवेळी वेगळा का येतो, कुठे तपासायचं

जळगाव-धुळ्याकडच्या डीलर लोकांच्या फीडबॅकच्या शीट माझ्याकडे येत असतात, ठिबकवाले, पंपवाले, ट्रॅक्टरच्या सर्व्हिसवाले, आणि बिघाड जवळजवळ नेहमी एकच असतो. ग्राहकांचे दोन गट, दोघांचे "समाधानी" टक्के काढलेले, मधला फरकही काढलेला, पण तो फरक खरा किती धरायचा यावर दुकानात दोन मतं. खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते सांगणारा पट्टा म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, आणि मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना तो जेवढा पसरतो ती मार्जिन. म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतो, फुकटातलं आणि सोपं आधी, अवघड शेवटी.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

चार्टवर दोन्ही गटांच्या टक्क्यांवर मार्जिनच्या रेघा काढल्यात, त्या एकमेकींवर चढतायत म्हणून कोणीतरी "फरक नाहीये" म्हणतंय, आणि दुसरा तोच डेटा घेऊन "फरक आहे" म्हणतोय.

एक्सेलमध्ये एक इंटरव्हल येतो, आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा, आणि कुठल्या तरी वेबसाईटवरच्या कॅल्क्युलेटरवर तिसराच.

एका गटात सगळेच्या सगळे समाधानी आहेत, १०० टक्के, आणि शीट त्या गटाची मार्जिन शून्य दाखवते.

मागच्या महिन्यात फरक पक्का होता, या महिन्यात पाच-दहा ओळी वाढल्या आणि गायब झाला.

उदाहरण म्हणून हा डेटा धरा

एक ठिबकचा डीलर. रावेर-यावलकडचे केळीवाले एक गट आणि चोपडा-अमळनेर-पारोळ्याकडचे कपाशीवाले दुसरा गट. फोन करून विचारलं, सर्व्हिसला १ ते ५ पैकी किती मार्क द्याल, आणि ४ किंवा ५ म्हणाला तो समाधानी. केळीवाल्यांत १८० पैकी १४४ समाधानी, म्हणजे ८० टक्के. कपाशीवाल्यांत १५० पैकी १०५, म्हणजे ७० टक्के. शेठला ठरवायचंय की चोपड्याकडे आणखी एक फिटर ठेवायचा का. पगार, गाडी, पेट्रोल सगळं आलं त्यात, म्हणून हा १० चा फरक किती भरवशाचा आहे ते नीट बघायला लागतं.

पहिलं: मोजलंय कोणाला आणि कसं (खर्च शून्य)

फॉर्म्युल्याला हात लावायच्या आधी कच्ची शीट उघडा आणि दोन्ही गटांत "समाधानी" एकाच पद्धतीने लिहिलंय का ते बघा. हे सगळ्यात आधी अशासाठी की इथे चूक असेल तर खालचा कुठलाच फॉर्म्युला ती पकडू शकत नाही, तो बिचारा दिलेल्या आकड्यांवर चालतो.

आपल्याकडे हे फार होतं. शेतकरी फोनवर आकडा सांगतच नाही, तो म्हणतो "बरं शे", आणि मग फोन करणारी मुलगी स्वतःच्या मनाने मार्क टाकते. रावेरचे फोन करणारीने "बरं" ला ४ टाकले आणि अमळनेरचे करणारीने ३, झालं, शेतकऱ्यांच्या मनात फरक नसतानाही शीटमध्ये फरक तयार झाला. समजा कपाशीवाल्यांत असे ९ "बरं" वाले ३ मध्ये गेलेत आणि ते ४ मध्ये धरायला हवे होते. मग १०५ चे ११४ होतात, ७० टक्क्याचे ७६ होतात, फरक १० वरून ४ वर येतो आणि इंटरव्हल उणे ५ ते अधिक १३, म्हणजे शून्य आत येतं आणि फरक नाहीच असंही असू शकतं. नऊ ओळींनी पूर्ण निष्कर्ष पालटला. त्यामुळे शेरा लिहिलेला कॉलम असेल तर तो वाचाच, आणि "बरं" म्हणजे किती हे दोन्ही गटांसाठी एकच ठरवून घ्या, तेही फरक किती येतोय हे बघायच्या आधी.

दुसरं, भागाकारात खालचा आकडा कोणता आहे. ज्यांनी फोन उचलला नाही ते एका गटाच्या एकूणमध्ये धरलेत आणि दुसऱ्याच्या नाही, असंही सापडतं. आणि बोलताना "१० टक्के फरक" न म्हणता "१० पॉइंट" म्हणत चला, कारण ७० चे १० टक्के म्हणजे ७ होतात आणि ऐकणारा कोणता हिशोब धरून बसेल सांगता येत नाही.

दुसरं: चढलेल्या रेघांवरून निकाल देताय का (खर्च शून्य, फक्त सवय मोडायची)

माझ्याकडे येणाऱ्या भांडणांतली सगळ्यात जास्त इथलीच असतात, म्हणून जरा सविस्तर.

केळीवाल्यांचा एकट्याचा ९५ टक्क्याचा इंटरव्हल येतो ७४.२ ते ८५.८. कपाशीवाल्यांचा ६२.७ ते ७७.३. म्हणजे ७४.२ पासून ७७.३ पर्यंतचा पट्टा दोघांत सामाईक आहे, चार्टवर रेघा चढलेल्या दिसतात आणि बघणारा म्हणतो फरक नाही. पण फरकाचा स्वतःचा इंटरव्हल काढला तर तो येतो ०.६ ते १९.४ पॉइंट, म्हणजे शून्य बाहेर राहतो. डेटा तोच, मग असं का?

कारण रेघा चढतात की नाही हे बघताना आपण नकळत दोन्ही मार्जिनची बेरीज करतो. केळीवाल्यांची मार्जिन ५.८, कपाशीवाल्यांची ७.३, बेरीज १३.२ (पुढचे दशांश धरून), आणि फरक १० म्हणजे त्याहून कमी, म्हणून रेघा चढल्या. पण ही बेरीज असं गृहीत धरते की केळीचा नमुना नशिबाने जास्तीत जास्त वर गेला असेल आणि नेमका त्याच वेळी कपाशीचा जास्तीत जास्त खाली. दोन्ही गट वेगळे आहेत, एकाच्या नशिबाचा दुसऱ्याशी संबंध नाही, त्यामुळे दोन्ही टोकं एकदम उलट्या दिशेला लागायची शक्यता खूपच कमी असते. वेगळ्या गटांत मार्जिनची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. ५.८ चा आणि ७.३ चा वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ घ्या, पुढचे दशांश धरून ९.४ येतं. १० वजा ९.४ म्हणजे ०.६.

तर नियम असा की रेघा अजिबात चढत नसतील तर फरक शून्य नाही असं म्हणायला हरकत नाही, पण चढत असतील तर त्यावरून काहीच ठरत नाही, फरकाचा इंटरव्हल वेगळा काढायलाच लागतो. चार्ट द्यायचाच असेल तर मी फरकाची एकच रेघ काढून देतो, शून्यावर उभी खूण करून, मग कोणी डोळ्याने बेरीज करत बसत नाही.

आणि इथेच शेठला एक गोष्ट स्पष्ट सांगायची. शून्य बाहेर आहे याचा अर्थ १० पॉइंटचा फरक सिद्ध झाला असा नाही. खरा फरक अर्धा पॉइंट असला तरी हा डेटा त्याला नाही म्हणत नाही, आणि १९ असला तरीही नाही. अर्ध्या पॉइंटसाठी कोणी फिटर ठेवणार नाही, १९ साठी उद्याच ठेवेल. म्हणून आधी विचारून घ्या, "शेठ, किती पॉइंटचा फरक असेल तर माणूस ठेवाल?" ते म्हणाले ५, तर इंटरव्हल पूर्ण ५ च्या वर आहे का ते बघायचं. इथे नाहीये. अशा वेळी आणखी फोन करणं फिटरपेक्षा स्वस्त पडतं, पण किती फोन लागतील ते आधी मोजा: ८० आणि ७० च्या आसपासचे टक्के असतील आणि मार्जिन ५ पॉइंटवर आणायची असेल तर प्रत्येक गटात साधारण ५७० जण लागतात. मार्जिन अर्धी करायला माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात.

तिसरं: फॉर्म्युला बरोबर टाकलाय का (पाच मिनिटं, एक्सेल)

समाधानी A2 आणि A3 मध्ये, एकूण B2 आणि B3 मध्ये, आणि C2, C3 मध्ये भागाकार. मग D2 मध्ये हे टाका:

```
=SQRT(C2*(1-C2)/B2 + C3*(1-C3)/B3)
```

हा झाला फरकाचा स्टँडर्ड एरर, आपल्या डेटात ०.०४७८ यायला पाहिजे. आता दोन टोकं, ९५ टक्क्याच्या इंटरव्हलसाठी १.९६ ने गुणून:

```
=C2-C3-1.96*D2
=C2-C3+1.96*D2
```

उत्तर ०.००६ आणि ०.१९४. हे नाही आलं तर बहुतेक दोन चुकांपैकी एक असते. एक म्हणजे दोन्ही जागी एकूण ३३० टाकलेले असतात, त्याने इंटरव्हल उगीच अरुंद होतो आणि फरक आहे त्यापेक्षा पक्का वाटायला लागतो. दुसरी म्हणजे दोन वर्गमुळं वेगवेगळी काढून त्यांची बेरीज केलेली असते, तीच वरची सरळ बेरीज, तिच्याने इंटरव्हल उणे ३.२ ते २३.२ असा उगीच रुंद होतो.

आर वापरणाऱ्यांसाठी, `prop.test` न सांगता एक करेक्शन लावतो, त्यामुळे त्याचा इंटरव्हल थोडा रुंद येतो, या डेटात जवळपास ०.० ते २०.०. एक्सेलशी जुळवायचं असेल तर ते बंद करा:

```
prop.test(c(144,105), c(180,150), correct=FALSE)
```

दोन माणसांची उत्तरं थोड्याने वेगळी येतायत आणि दोघांचाही डेटा तोच आहे, तर कारण बहुतेक हेच. यात कोणी चुकलेलं नसतं, फक्त रिपोर्टमध्ये पद्धत कोणती ते लिहा आणि पुढच्या महिन्यात तीच ठेवा. आणि ०.६ की ०.० यावर निर्णय फिरत असेल तर तो निर्णय या डेटावर घेऊच नका.

चौथं: गट लहान आहे का, किंवा टक्का १०० च्या जवळ आहे का (अर्धा तास)

वरचा साधा फॉर्म्युला मोठ्या गटांसाठी चालतो. माझा ठोकताळा असा की प्रत्येक गटात समाधानी निदान १० आणि असमाधानीही निदान १० असावेत. आपल्या डेटात ३६ आणि ४५ असमाधानी आहेत, काळजी नाही.

पण समजा शेठने नंदुरबारकडे नवीन काम सुरू केलं, तिथले १२ ग्राहक, बाराही समाधानी. जुन्या गावांतले ४० विचारले, ३० समाधानी. फरक २५ पॉइंट. साधा फॉर्म्युला म्हणतो ११.६ ते ३८.४, एकदम पक्का फरक. आता आत बघा काय झालंय: १ गुणिले शून्य भागिले १२ म्हणजे शून्य, म्हणजे फॉर्म्युला म्हणतोय की नंदुरबारचं समाधान नेमकं १०० टक्के आहे आणि त्यात कसलीच शंका नाही. बारा माणसांवरून! तेरावा नाराज निघू शकतो हे त्याच्या हिशोबात येतच नाही.

इथे न्यूकोम्बची पद्धत वापरा. रॉबर्ट न्यूकोम्ब यांनी १९९८ मध्ये दोन वेगळ्या गटांतल्या फरकासाठी अकरा पद्धती शेजारी ठेवून तपासल्या होत्या, त्यातली ही आहे, आणि ती विल्सनच्या १९२७ च्या इंटरव्हलवर उभी आहे. विल्सनच्या हिशोबाने बारापैकी बाराचा इंटरव्हल ७५.७ पासून १०० पर्यंत जातो, म्हणजे बारा माणसं जेवढी शंका ठेवतात तेवढी तिथे दिसते. फरकाचा इंटरव्हल मग उणे १.६ ते ४०.२ येतो. शून्य आत आलं. आर मध्ये:

```
library(DescTools)
BinomDiffCI(12, 12, 30, 40, method="score")
```

फक्त एक्सेल असेल तर अग्रेस्टी आणि काफो यांनी २००० मध्ये सुचवलेली युक्ती आहे: प्रत्येक गटात एक समाधानी आणि एक असमाधानी वाढवायचा आणि मग वरचाच फॉर्म्युला चालवायचा. इथे १४ पैकी १३ आणि ४२ पैकी ३१ होतात, इंटरव्हल ०.१ ते ३८.० येतो. एकीत शून्य जेमतेम आत, दुसरीत जेमतेम बाहेर, म्हणजे दोन्ही पद्धती एकच सांगतायत की खालचं टोक शून्याला टेकलंय आणि बारा माणसांवर नंदुरबारची जाहिरात करू नका. मोठ्या गटाला या पद्धतींनी काही बिघडत नाही, केळी-कपाशीच्या डेटात न्यूकोम्बने ०.७ ते १९.३ येतं, जवळपास तेच. म्हणून मी आता सगळीकडे न्यूकोम्बच लावतो, गट लहान की मोठा हे बघत बसायला लागत नाही.

पाचवं: ओळी म्हणजे माणसं आहेत का (अर्धा दिवस, कंटाळवाणं काम)

वरचे सगळे फॉर्म्युले एक गोष्ट गृहीत धरतात की प्रत्येक ओळ स्वतंत्र आहे. आपल्याकडे ती क्वचितच तशी असते.

सोपा भाग आधी. ड्रिपर चोक झाले म्हणून एकाच शेतकऱ्याने हंगामात तीनदा फोन केला, तीनदा फिटर गेला, तीनदा फीडबॅक घेतला, शीटमध्ये तीन ओळी. तो माणूस नाराज असेल तर तीनदा नाराज मोजला गेला. मोबाईल नंबरच्या कॉलमवर डुप्लिकेट शोधा (मूळ शीटची कॉपी करूनच), आणि प्रत्येकाची शेवटची ओळ ठेवा किंवा पहिली, पण कोणती ते आकडे बघायच्या आधी ठरवा. १५० ओळींची ९५ माणसं निघाली तर ९५ च खरा आकडा. महिन्या-महिन्याला फरक येतो-जातो या लक्षणाचं मूळ बऱ्याचदा इथे निघतं, कारण त्या महिन्यात दोन-चार तापलेल्या शेतकऱ्यांनीच परत परत फोन केलेले असतात.

अवघड भाग गावाचा. एका गावाला लाईट एकाच फीडरवरून, फिटर एकच, विहिरींचं पाणी सारखंच क्षारवालं, आणि संध्याकाळी पारावर बसून एकमेकांना सांगितलेलं असतं की सर्व्हिस कशी आहे. त्यामुळे एका गावातली १५ उत्तरं ही १५ वेगळ्या माणसांइतकी नवी माहिती देत नाहीत. ही घट मोजायला डिझाईन इफेक्ट असतो: गावातली माणसं वजा १, गुणिले उत्तरांतलं साम्य, अधिक १. समजा प्रत्येक गावात सरासरी १५ जण आणि साम्य ०.०५, म्हणजे ऐकायला अगदी थोडं, तर १४ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.७. त्याचं वर्गमूळ १.३, आणि मार्जिनला त्याने गुणायचं. ९.४ ची झाली १२.२. इंटरव्हल उणे २.२ ते २२.२. बघा, सगळे फॉर्म्युले बरोबर टाकूनही केवळ गावामुळे शून्य आत आलं.

घरी करायची तपासणी एवढीच: गावानुसार समाधानी टक्के काढा. गावं जर ९५, ४०, ८५, ५० अशी उड्या मारत असतील तर साम्य जास्त आहे, साधा इंटरव्हल शेठला देऊ नका. थोडी वर-खाली असतील, प्रत्येक गावात चार-पाचच माणसं असतील, तर फारसं बिघडत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गावांमध्ये वरच्यासारख्या उड्या दिसल्या तर थांबा. साम्याचा आकडा मी वर "समजा" म्हणून धरला, तो तुमच्या डेटातून काढायचा असतो, आणि गावं वीस-बावीसच असतील तर तो काढूनही नुसतं १.९६ ने गुणून भागत नाही. हे काम संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाचं.

तेच ग्राहक दोन्ही गटांत असतील, म्हणजे एकाच शेतकऱ्याला ठिबकबद्दलही विचारलं आणि पंपाबद्दलही, तर वरचा फॉर्म्युला लागूच होत नाही, कारण गट वेगळे नाहीत. त्याला जोडीचा हिशोब लागतो.

जळगाव जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांची एकमेकांशी तुलना करायची असेल तरी थांबा. १०५ जोड्या होतात, आणि कुठेच खरा फरक नसला तरी त्यातल्या साधारण पाच जोड्यांत शून्य बाहेर पडेल. त्या पाच उचलून मीटिंगला नेल्या तर कोणा फिटरची नोकरी विनाकारण जाईल.

आणि शेवटचं, फोन किती जणांनी उचलला ते विचारा. एका गटातून ७० टक्क्यांनी उत्तर दिलं आणि दुसऱ्यातून २५ टक्क्यांनी, तर जे बोललेच नाहीत त्यांचं मत कुठल्याच इंटरव्हलमध्ये नसतं, मार्जिन फक्त निवडीतल्या नशिबाची असते. इथे फॉर्म्युला बदलून उपयोग नाही, कपाशी वेचणीच्या दिवसांत केलेले फोन पुन्हा करायला लागतील, रात्री आठनंतर.

जाणकाराकडे जाताना, मग तो कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातला असो की तुमच्या ओळखीतला कोणी, टक्के घेऊन जाऊ नका. कच्ची शीट न्या, त्यात गावाचा कॉलम, नावं-नंबर काढून टाकून त्याजागी प्रत्येक ग्राहकाला दिलेला एक कोड, फोन लावल्याची तारीख, न उचललेल्या फोनच्या ओळीसकट. आणि सोबत एका कागदावर शेठने सांगितलेला तो आकडा, किती पॉइंटला माणूस ठेवणार.